सरांना पुढे पाठवता येईल असा मेल

*नमस्कार. सीबीडी बेलापूरला एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत मी एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघते. सीनियर एक्झिक्युटिव्ह म्हणून लागून तीन वर्षं झाली, पद तेच आहे. पगार दरवर्षी थोडा वाढतो, पण पुढे काय, यावर कोणी बोलत नाही. सरांना दोनदा विचारलं. "काम उत्तम आहे तुझं, बघू आपण," एवढंच म्हणाले. आता मेल करायचं ठरवलंय. मसुदा असा आहे : "सर, तीन वर्षं मी प्रामाणिकपणे काम करतेय. कटऑफच्या दिवशी रात्री नऊपर्यंत थांबते. रजेवर असले तरी फोन घेते. माझ्यानंतर आलेला मुलगा असिस्टंट मॅनेजर झाला. माझ्याही प्रमोशनचा विचार व्हावा ही विनंती." पाठवू का? सर दुखावतील, किंवा मी दुसरीकडे नोकरी बघतेय असं त्यांना वाटेल, ही भीती आहे. माणूस वाईट नाही.*
*– एक वाचक, ऐरोली*

हा मसुदा पाठवू नका. सर दुखावतील हे त्याचं कारण नाही. हा मेल हातात घेऊन सरांना पुढे कुठेच जाता येणार नाही, हे खरं कारण आहे.

थोड्या मोठ्या कंपनीत खात्याचा मॅनेजर एकटा कोणाला बढती देत नाही. पुढच्या वर्षी कोणत्या खात्यात किती पदं असतील आणि त्यांवर किती खर्च होईल, याचा हिशेब बहुतेक ठिकाणी दिवाळीनंतर सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत जवळजवळ पक्का होतो. मार्चमध्ये आपण जो अप्रेझलचा फॉर्म भरतो तो त्यानंतरचा असतो. मग सगळ्या खात्यांचे मॅनेजर, एचआर आणि वरचे साहेब एकत्र बसतात. प्रत्येक जण आपापली नावं मांडतो आणि एकेका नावाला दोन-तीन मिनिटं मिळतात. मी अशा बैठकांत एचआरच्या बाजूने वर्षानुवर्षं बसले आहे. तिथे "मुलगी फार प्रामाणिक आहे हो" असं म्हणणाऱ्या मॅनेजरने मांडलेलं नाव पहिल्याच फेरीत गळतं, कारण समोरच्या खात्यातली माणसंही प्रामाणिकच असतात. "हे काम पूर्वी मी करायचो, आता ती करते, आणि त्याचा परिणाम हा," असं जो सांगू शकतो त्याने मांडलेल्या नावावर चर्चा होते. तुमच्या सरांच्या हातात ते वाक्य द्यायला तुमचा मेल हवा. म्हणजे तो असा लिहायचा की सरांनी एक अक्षरही न बदलता वर पाठवला तरी त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये.

या कसोटीवर तुमची वाक्यं लावून बघू. "रात्री नऊपर्यंत थांबते" हे वाचून वरचा माणूस म्हणेल, कटऑफच्या दिवशी सगळेच थांबतात. किंवा मनात म्हणेल, हिला वेळेत काम उरकत नाही. "माझ्यानंतर आलेला मुलगा" या वाक्याने तर अर्जाची तक्रारच होते. ती बढती बहुधा सरांनीच मांडली असेल, आणि आता त्यांना तुमच्याबद्दल बोलण्याआधी स्वतःचा जुना निर्णय सावरावा लागेल. आणि तीन वर्षं हा काळ झाला. त्या काळात काय बदललं, ते मसुद्यात कुठेच नाही.

"रजेवर असले तरी फोन घेते" हे वाक्य तुम्ही अभिमानाने लिहिलंय, आणि मला वाटतं तुमचं पद हललं नाही त्याचं निम्मं कारण त्यातच आहे. तुमच्याशिवाय डेस्क चालत नसेल तर तुम्हाला तिथून हलवणं सरांना परवडत नाही. ते वाईट नाहीत असं तुम्हीच म्हणता, आणि ते खरंही असेल. पण जहाज सुटायच्या आदल्या दिवशी एलसीची, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीची, भानगड कोण निस्तरणार, हा प्रश्न त्यांना पडतोच. हे तपासायची सोपी खूण आहे. गणपतीत गावाला गेलात तेव्हा ऑफिसातून फोन आले ते कशासाठी? एखादा मेल सापडत नव्हता म्हणून आले असतील तर विशेष काही नाही. पण बीएलचा, म्हणजे जहाज कंपनी मालासाठी देते त्या कागदाचा, ड्राफ्ट सोडायचा की थांबवायचा, हे विचारायला आले असतील तर निर्णय तुमच्याकडे आहे आणि तो घेणारं दुसरं कोणी तयार झालेलं नाही. यातला पहिला भाग बढतीच्या बाजूने जातो आणि दुसरा तिला अडवतो. मेलमध्ये दोन्ही यायला हवेत : निर्णय मी घेते, आणि माझ्या जागी दुसरं माणूस मी अमुक महिन्यापर्यंत तयार करते.

आता साहित्य गोळा करू. रुजू होताना मिळालेलं ऑफर लेटर किंवा कामाचं वर्णन काढा आणि शेजारी आजचा एक पूर्ण आठवडा मांडा. इथे बहुतेकांची एक गफलत होते : वाढलेलं काम आणि वाढलेली जबाबदारी ते एकत्र करतात. महिन्याला ६० शिपमेंट्स होत्या त्या ९० झाल्या, हे वाढलेलं काम आहे. त्यावर पगारवाढ मागता येते, पण वरचं पद मिळत नाही. फार तर हाताखाली आणखी एक माणूस मिळतो. पदासाठी दाखवायचं ते असं की पूर्वी जो निर्णय वरचा माणूस घ्यायचा तो आता तुम्ही घेता.

तुमच्या कामात याचं सगळ्यात चांगलं उदाहरण एलसीवरच्या शिपमेंट्सचं आहे. एलसीसाठीच्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, एलसीत वेगळी मुदत दिली नसेल तर माल जहाजावर चढल्यापासून २१ दिवसांच्या आत आणि एलसीची मुदत संपण्याआधी कागद बँकेत लागतात. ते तपासायला बँकेला जास्तीत जास्त ५ बँकिंग दिवस असतात. बीएलवरचं मालाचं वर्णन एलसीशी विसंगत निघालं, किंवा कन्साइनीच्या, म्हणजे माल कोणाच्या नावे जातोय त्याच्या, रकान्यात बँकेच्या ऑर्डरऐवजी थेट खरेदीदाराचं नाव पडलं, तर बँक कागद नाकारू शकते आणि निर्यातदाराचे पैसे अडकतात. जहाज सुटल्यावर बीएल दुरुस्त करायचं तर लाइनचे, म्हणजे जहाज कंपनीचे, चार्जेस पडतात, आणि ते कोणी भरायचे यावरून ग्राहकाशी वाद होतो तो वेगळाच. हा ड्राफ्ट एलसीशी ताडून तुम्हीच थांबवत किंवा सोडत असाल, तर हे टायपिंगचं काम राहिलेलं नाही. कंपनीचा धोका तुम्ही तिथे अडवता. मेलमध्ये याच शब्दांत लिहू नका, पण काय केलं ते लिहा.

आकडे लागतील, पण थोडे, आणि मूळ नोंदीवरून कोणालाही तपासता येतील असे. बीएल दुरुस्त्यांसाठी लाइनने लावलेल्या चार्जेसची नोंद अकाउंट्सकडे असते. दोन वर्षांची एकच तिमाही घ्या आणि ग्राहकाने मागाहून सांगितलेले बदल बाजूला काढून फक्त आपल्या डेस्कच्या चुका मोजा. शिपमेंट्स कमी झाल्यामुळे चुका कमी झाल्या असतील तर तेही दिसेल. तसं असेल तर तो आकडा सोडून द्या, कारण कोणीतरी तो तपासतंच. एक सांभाळा : ग्राहकांच्या नावानिशी कागद स्वतःच्या खाजगी मेलवर पाठवू नका. फक्त आकडे वहीत उतरवून घ्या.

त्यानंतर कुठे जायचंय ते ठरवा. "मला वाढ हवी" यावर कोणताही मॅनेजर "बघू"च म्हणणार, कारण त्यावर दुसरं उत्तर नसतं. तुमच्या क्षेत्रात सरळ दिसणारी वाट डॉक्युमेंटेशनची टीम सांभाळण्याची. दुसरी कस्टम्स क्लिअरन्सची. तुमच्या कंपनीकडे कस्टम्स ब्रोकरचं लायसन्स असेल तर तिथला कर्मचारी म्हणून जी-कार्डची परीक्षा देता येते. २०१८ च्या कस्टम्स ब्रोकर लायसन्सिंग नियमांनुसार एच-कार्डवाला मदतनीस असतो, आणि परीक्षा पास झालेला जी-कार्डवाला ब्रोकरच्या वतीने कागदांवर सही करू शकतो. कंपनीत पद रिकामं नसलं तरी ही पात्रता तुमच्या नावावर राहते, म्हणून मला ही वाट कमी दर्जाची वाटत नाही. पण तिथे बसणं कमी आणि धावपळ जास्त. न्हावा-शेव्याच्या सीएफएसच्या, म्हणजे कंटेनर गोदामांच्या, फेऱ्या मनाला पटतात का ते आधी बघा. मेलमध्ये दोनपेक्षा जास्त वाटा लिहू नका, आणि दोन लिहिल्या तर जास्त ओढा कुठे आहे ते सांगून टाका.

मेल टाकायच्या आदल्या दिवशी सरांना तोंडी सांगा : "सर, पुढच्या कामाबद्दल जरा ठरवून बोलायचंय, उद्या मेल टाकते." तुमची भीती या एका वाक्याने बरीचशी जाईल. सकाळी अचानक असा मेल आला की राजीनामा येतोय असंच वाटतं. आधी कानावर असलं की तसं वाटत नाही. मसुदा मी मराठीत देतेय. तुमच्या ऑफिसात तो इंग्रजीतच जाईल, आणि जाऊ दे, कारण तो पुढे कोणाकडे पोचेल ते आपल्याला माहीत नाही. आकडे उदाहरणादाखल आहेत, तिथे तुमचे घाला.

*विषय : पुढच्या जबाबदारीबद्दल चर्चा – ४५ मिनिटं, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा*

*सर,*

*काल बोलल्याप्रमाणे लिहितेय. एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनला सीनियर एक्झिक्युटिव्ह म्हणून मला तीन वर्षं पूर्ण झाली. पुढची जबाबदारी कोणती असू शकते आणि त्यासाठी माझ्याकडे काय कमी आहे, यावर तुमच्याशी ठरवून बोलायचं आहे.*

*रुजू झाले तेव्हा चेकलिस्ट तपासणं आणि बीएलचे ड्राफ्ट तयार करणं एवढं माझ्याकडे होतं. आता एलसीवरच्या सगळ्या शिपमेंट्सचे ड्राफ्ट सोडण्याआधी मी एलसीशी ताडून बघते. हे काम पूर्वी तुमच्याकडे होतं. आपल्या चुकीमुळे कराव्या लागलेल्या बीएल दुरुस्त्या गेल्या वर्षी एप्रिल ते जूनमध्ये १४ होत्या, या वर्षी त्याच तिमाहीत ५ आहेत. शिपमेंट्स दोन्ही वेळा साधारण तेवढ्याच होत्या. डेस्कवर नवीन आलेल्या दोघांना मी शिकवलं. त्यांतला एक एलसी नसलेल्या शिपमेंट्स आता स्वतंत्रपणे सोडतो.*

*माझ्यासमोर दोन वाटा आहेत : डॉक्युमेंटेशनची टीम सांभाळणं, किंवा कस्टम्स क्लिअरन्सकडे जाऊन जी-कार्डची परीक्षा देणं. ओढा पहिल्या वाटेकडे जास्त आहे, पण कंपनीची गरज कुठे आहे ते तुमच्याकडून समजून घ्यायचंय.*

*चर्चेत मला हे विचारायचं आहे : असिस्टंट मॅनेजरच्या पदासाठी नेमक्या अपेक्षा काय आहेत, त्यांतल्या कोणत्या मी अजून पूर्ण करत नाही, हा निर्णय कोण आणि साधारण कधी घेतं, आणि तोवर मी कोणतं काम हातात घ्यावं.*

*एलसीचं काम माझ्यावाचून अडू नये म्हणून आणखी एका सहकाऱ्याला डिसेंबरअखेरपर्यंत त्यात तयार करायची माझी तयारी आहे. तुम्ही हो म्हणालात तर पुढच्या आठवड्यापासून सुरू करते.*

*मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी तीननंतर चालेल का?*

या मेलमध्ये प्रमोशन हा शब्द नाही आणि पगारही नाही. पगार आला की मेल थेट एचआरच्या बजेटकडे वळतो आणि सरांचं काम संपतं. पद ठरलं की पगाराचं बोलणं होतंच. "हे काम पूर्वी तुमच्याकडे होतं" हे वाक्य मात्र गाळू नका. वर मांडायला सरांना तेच सगळ्यात उपयोगी पडणार आहे. अर्थात ते खरं असेल तरच. एचआरला सीसी करू नका. पहिल्याच मेलमध्ये तिसरा माणूस आणला की सर सावध होतात.

वेळेचं म्हणाल तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मला योग्य वाटतो. गणपती उरकलेले असतात, दिवाळीच्या रजा लागलेल्या नसतात, आणि वर सांगितलेला पदांचा हिशेब अजून सुरू व्हायचा असतो. महिनाअखेर टाळा, आणि तुमच्या मोठ्या लाइनचा कटऑफ ज्या वारी असतो तोही टाळा. सात कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच मेलवर दोन ओळी टाकून नवे दोन दिवस सुचवा. रुसवा न दाखवता. एवढ्यावर बहुतेक वेळा उत्तर येतं.

बैठकीत तुम्ही कमी बोला. मेल त्यांनी वाचलेला असेल. चार प्रश्न आहेत, ते एकेक करून विचारा आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. "बघू" आलं तर वाद घालू नका, "हो सर, कधी बघू या? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत बसू का?" असं म्हणा आणि तारीख तिथेच कॅलेंडरला टाका. "पद रिकामं नाही" हे उत्तर बहाणाच असतो असं समजू नका, पुष्कळदा ते खरं असतं. त्यावर दोन गोष्टी विचारता येतात : पद न बदलता ग्रेड बदलायची सोय कंपनीत आहे का, आणि दुसऱ्या ब्रँचमध्ये किंवा खात्यात अंतर्गत जागा निघाली तर तिथे अर्ज करायला तुमची हरकत नाही ना. "तुला अजून तयार व्हायला हवं" म्हणाले तर ते सगळ्यात उपयोगी उत्तर, मात्र त्याला नेमकेपणा आणायला हवा. "कशात, सर? एखादं उदाहरण सांगाल का, जिथे मी कमी पडले?" उदाहरण आलं तर लिहून घ्या, आणि तिथल्या तिथे स्वतःचा बचाव करू नका. एकही उदाहरण आलं नाही तर अडचण तुमच्या कामात नाही, एवढं तुम्हाला कळलं.

त्याच संध्याकाळी पाच-सहा ओळींचा मेल करा : "आज बोलणं झालं त्यावरून मला समजलं ते असं." अपेक्षा, कमी पडलेली बाजू, मी काय करणार, पुन्हा कधी बसायचं. शेवटी "काही राहिलं असेल तर सांगा." सरांची बदली झाली किंवा त्यांनी कंपनी सोडली, तर नव्या साहेबाला दाखवायला तुमच्याकडे हा एकच कागद असेल. या क्षेत्रात मॅनेजर फार टिकत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच.

डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा बसाल तेव्हा एकच प्रश्न महत्त्वाचा : "या वर्षीच्या नावांत तुम्ही माझं नाव मांडताय का?" हो किंवा नाही, दोन्ही चालतील. उत्तर टाळलं, किंवा जानेवारीच्या मध्यापर्यंत पुन्हा "बघू"च राहिलं, तर सरांना सांगून त्यांच्या वरच्या साहेबांकडे किंवा एचआरकडे वेळ मागा. सांगून, हे विसरू नका. मागून कळलं तर जो आधार आहे तोही जाईल. दुसरीकडे नोकरी बघायची तर तीही तेव्हापासून बघा, मार्चचं पत्र हातात पडायची वाट बघू नका. बेलापूर-वाशीच्या पट्ट्यात फॉरवर्डर कमी नाहीत, आणि एलसीचे कागद समजणारं माणूस त्यांना हवंच असतं. फक्त दुसरीकडची ऑफर सरांच्या टेबलावर ठेवून पद मागू नका. मी पाहिलंय तेवढं असं की त्या घाईत कंपनी पगार वाढवते, कारण ते एका सहीत होतं. पद वाढवायला तीच बैठक लागते, आणि ती पुढच्या वर्षी असते.